न हलणारं तळं: एका स्वप्नवहीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या आईला जाऊन सात महिने झाले होते. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ‘ताई’ हे नाव त्यांनीच सुचवलं.) वय एक्कावन्न, शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. मुलगी नोकरीनिमित्त दुसरीकडे. आईला स्मृतिभ्रंश होता आणि शेवटची सहा वर्षं तिचं सगळं ताईंनीच केलं होतं. भाऊ होता, पण फोनवर.

त्यांची तक्रार स्वप्नांची नव्हती. थकवा जात नाही, कशात लक्ष लागत नाही, वाचायला घेतलेलं पुस्तक चार पानांपुढे सरकत नाही, असं त्या सांगत होत्या. आई गेली तेव्हा आणि नंतरही त्या रडल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी जवळजवळ अभिमानाने सांगितलं. “सहा वर्षं रोज थोडी थोडी गेलीच होती ती. शेवटी सुटली. माझं दुःख आधीच करून झालं होतं.” हे खोटं नसतं. दीर्घ आजारात माणसं मरणाआधीच बराच शोक करून घेतात. त्यामुळे मी ते मान्य केलं आणि पुढे गेले.

नैराश्याची नेहमीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. गुण आले सत्तावीसपैकी अकरा, म्हणजे मध्यम पातळी. आज तो कागद बघते तेव्हा जाणवतं की जवळजवळ सगळे गुण झोप, थकवा, एकाग्रता आणि रस न वाटणं या चार प्रश्नांवर पडले होते. उदास वाटतं का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, इथे शून्य किंवा एक. बेरीज मी पाहिली, गुण कुठे पडलेत ते पाहिलं नाही. त्याची किंमत पुढे येईलच.

तळ्याचं स्वप्न आणि माझी पहिली चूक

चौथ्या भेटीत त्यांनी सहज सांगितलं की हल्ली एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. मोठं तळं. पाणी अगदी स्थिर. त्या काठावर उभ्या असतात. कुणी नसतं, काही होत नाही, आणि जाग येते. भीती वाटत नाही. स्वप्नांचे अर्थ सांगणारं काहीतरी त्यांनी वाचलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की स्थिर पाणी म्हणजे शांत झालेलं मन. “म्हणजे मी सावरतेय ना?” त्यांनी विचारलं.

मी होकार भरला. अगदी तोंडाने ‘हो’ म्हणाले नाही, पण “तुम्हाला तसं वाटतंय का?” असं हसून विचारलं, आणि असं हसून विचारणं म्हणजे होच. त्या भेटीच्या टिपणात मी लिहिलंय: ‘तळं, शांत. सुधारणेची खूण?’ प्रश्नचिन्ह आहे, पण पुढच्या महिन्यात मी आठवड्याची भेट महिन्यावर नेली, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर मी मनात देऊन टाकलं होतं.

त्याच टिपणाच्या खाली आणखी एक ओळ आहे. ताई म्हणाल्या होत्या, “एकदा मी स्वप्नात दगड टाकला. तो आत गेला, पण तरंग उठला नाही. आवाजही नाही.” ही ओळ मी लिहून घेतली आणि तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

पाण्याच्या स्वप्नांबद्दल कुणी विचारलं की लोकांना कोश हवा असतो: पूर म्हणजे हे, तळं म्हणजे ते. मोठ्या नावांनीही असे कोश काही प्रमाणात पुरवले आहेत. फ्रॉइडने पाण्यातून बाहेर येण्याच्या स्वप्नांचा संबंध जन्माशी लावला, युंगने पाणी हे अबोध मनाचं सर्वात सामान्य प्रतीक मानलं. दोघांचंही ऐकावं, पण समोरच्या बाईच्या तळ्याचा उलगडा त्यातून होत नाही. मला जास्त कामाचा वाटतो तो अर्नेस्ट हार्टमन या मनोविकारतज्ज्ञाचा विचार. आघात झालेल्या लोकांची स्वप्नं तपासताना त्याला दिसलं की प्रचंड लाट अंगावर येतेय हे चित्र अशा माणसांनाही पडतं ज्यांच्या आघाताचा पाण्याशी काडीचा संबंध नसतो. आगीतून वाचलेल्या माणसाच्या स्वप्नातही लाट येते. त्याचं म्हणणं असं की स्वप्न घटना रंगवत नाही, घटनेने उठवलेली भावना रंगवतं, आणि भावना जितकी जोरकस तितकं चित्र जोरकस. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर त्याने 44 जणांची आधीची दहा आणि नंतरची दहा स्वप्नं तुलनेला घेतली. नंतरच्या स्वप्नांतली मध्यवर्ती चित्रं स्पष्टपणे अधिक तीव्र होती, पण इमारतींवर आदळणारी विमानं एकाही स्वप्नात नव्हती, आणि ती दृश्यं तर सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर असंख्य वेळा पाहिली होती.

हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी ते फक्त पुराला आणि लाटेला लावत होते. चित्राची ताकद भावनेची ताकद दाखवत असेल, तर ज्या चित्रात दगड टाकूनही काही होत नाही ते चित्र शांततेचं कसं? शांत पाणी प्रतिसाद देतं. खऱ्या तळ्यात काडी पडली तरी वर्तुळ उमटतं. ताईंचं पाणी शांत नव्हतं, बधिर होतं. आणि ज्या बाईला पुस्तक, गाणं, मैत्रिणीचा फोन यातलं काहीच आत पोचत नव्हतं, तिच्या दिवसांशी हे अगदी तंतोतंत जुळत होतं. दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या असत्या तर दिसलं असतं.

पूर

भेटी महिन्यावर नेल्यानंतर पाच आठवड्यांत त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. तीन रात्री सलग पूर. भेटायला आल्या तेव्हा स्वप्न असं सांगितलं: आईची खोली, दार बंद. दाराखालच्या फटीतून गढूळ पाणी आत येतंय. त्या जुन्या चादरीचे बोळे करून फटीत कोंबताहेत. पाणी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मागे आईची कॉट आहे, पण वळून बघायला वेळ नाही. पाण्याचा आवाज मोठा, “इतका की ओरडले तरी मलाच ऐकू येत नाही.”

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला होता. आईचं कपाट रिकामं करायचं, घराच्या कागदपत्रांचं काय, असं सगळं तो मोकळेपणाने बोलला होता. ताईंनी त्याला “बघू” एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री पूर आला.

त्यांना वाटत होतं की आपलं बिघडलं. महिनाभर तळं होतं, आता पूर, म्हणजे आपण मागे गेलो. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग मी जुनं टिपण काढलं आणि ती तरंगाची ओळ सापडली.

कोणते पर्याय होते

सगळ्यात आधी मी एक प्रश्न सरळ विचारला: जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला संपवण्याचे विचार येतात का? पुराचं किंवा बुडण्याचं स्वप्न पडलं म्हणजे कुणी जिवाचं बरंवाईट करणार असा अर्थ काढणं चुकीचं आहे. पण वारंवार पडणारी भयस्वप्नं आणि आत्महत्येचा धोका यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे, म्हणून स्वप्नाचं प्रतीक काहीही असो, प्रश्न विचारायचाच, आणि आडवळणाने नाही. उत्तर नाही होतं. आणि ते उत्तर देताना त्या पहिल्यांदा चिडल्या: “मला जगायचंय हो. तेच तर राहिलंय.” ही चीड माझ्या दृष्टीने शुभवर्तमान होतं.

पुढे तीन वाटा होत्या. पहिली, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून औषधाचा विचार. अकरा गुणांवर आणि असं काही नवं सुरू झालेलं असताना हे अवास्तव नव्हतं. मी ते बोलून दाखवलं, त्यांनी थांबायचं ठरवलं. पण काही औषधांनी स्वप्नं अधिक ठसठशीत होतात, एकदम बंद केल्यावर तर फारच, त्यामुळे त्या सध्या काय काय घेतात हेही विचारून घेतलं. रक्तदाबाची एक गोळी होती. तिने स्वप्नं वाढू शकतात का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. गोळी बरीच वर्षं चालू होती आणि डॉक्टरांना तसं वाटलं नाही.

दुसरी वाट स्वप्नाचा शेवट बदलण्याच्या सरावाची. भयस्वप्नांसाठी बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली ही पद्धत करायला साधी आहे. स्वप्न लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न दिवसा जागेपणी दहा-वीस मिनिटं मनात पाहायचं, रोज. मूळ भयस्वप्न घोकायचं नसतं, नवं घोकायचं. पद्धत चांगली आहे आणि तिच्यामागे नीट चाचण्या आहेत.

तिसरी वाट म्हणजे पुराला येऊ देणं, त्याच्याबरोबर बोलणं.

निर्णय कशावर घ्यायचा याचा माझा एक ठोकताळा आहे. स्वप्न रोज तेच आणि तसंच येतंय की बदलतंय? चकती अडकावी तसं तेच दृश्य परत परत येत असेल तर माणूस अडकलाय, तिथे शेवट बदलण्याचा सराव आधी. पण चित्र हलत असेल, नवी माणसं, नव्या जागा, जुन्या आठवणी त्यात मिसळत असतील, तर मन आपलं काम करतंय, आणि आपण घाईने नळ बंद करू नये. तीन रात्रींतच ताईंच्या पुरात फरक होता: पहिल्या रात्री दार, दुसऱ्या रात्री खिडकी, तिसऱ्या रात्री पाण्यावर तरंगणारी शाळेची वही. आम्ही तिसरी वाट धरली आणि भेटी पुन्हा दर आठवड्याला आणल्या.

वही

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. स्वप्नाचा अर्थ लिहायचा नाही, फक्त काही गोष्टींची नोंद. पाणी काय करतंय: उभं, वाहतं, चढतं, ओसरतं. स्वच्छ की गढूळ. अंगाला कुठपर्यंत लागलं: घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोक्यावरून. आवाज होता का. मी काय करत होते. जाग येताना कोणती भावना होती, तिला दहापैकी किती. किती वाजता जाग आली. आणि शेवटचा रकाना: जाग आल्यावर अंगात काय होतं, म्हणजे घाम, धडधड, घसा, डोकं. हा शेवटचा रकाना मी सवयीने घातला होता, फार विचार करून नाही.

‘मी काय करत होते’ हा रकाना सगळ्यात जास्त बोलला. सुरुवातीच्या सगळ्या पुरांत ताई एकच काम करत होत्या: फटी बुजवणं. चादर, कणीक, एकदा तर आईच्या औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे बोळे. मी विचारलं, “समजा मी कधी पूर पाहिलाच नाही. मला सांगा, फटी बुजवणारी बाई कशी असते?” त्या म्हणाल्या, “ती घर वाचवत असते. सगळे जण वरच्या मजल्यावर गेलेले असतात आणि ती खाली.” आणि थांबल्या. “वरच्या मजल्यावर कोण आहे?” मी विचारलं. बराच वेळ काही नाही. मग त्या रडल्या, आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते रडणं आईसाठी नव्हतं. ते भावासाठी होतं, म्हणजे भावाच्या रागाने होतं.

मी इथे ‘पाणी म्हणजे राग’ असं म्हणत नाही. दुसऱ्या कुणाच्या पुरात भीती असेल, कुणाच्या पुरात कामाचा डोंगर. ताईंच्या पुरातही राग पाण्यात कमी आणि बोळ्यात जास्त होता. आवरून धरण्याचे सहा वर्षांचे श्रम त्या बोळ्यात होते. स्वप्नातलं पाणी किती आहे यावरून भावनेचा जोर कळतो, पण त्या भावनेशी माणसाचं काय नातं आहे ते स्वप्न बघणारा पाण्यात काय करतो यावरून कळतं.

पुढच्या सहा आठवड्यांत त्या रकान्यातली क्रियापदं बदलत गेली. बुजवते. उभी राहते. दार उघडायला जाते, जमत नाही. एका रात्री कॉटकडे वळून बघते, कॉट रिकामी. त्या रात्री पाणी कमरेपर्यंत होतं, म्हणजे आधीपेक्षा जास्त, पण भीतीला त्यांनी दहापैकी तीन दिले आणि दुःखाला नऊ. पाण्याची पातळी आणि भीती यांची इथे फारकत झाली. नुसती पातळी मोजली असती तर मला वाटलं असतं की प्रकृती खालावली. याच दिवसांत त्यांनी भावाला पत्र लिहिलं, चार पानी, आणि त्यातलं दीड पान पाठवलं.

बुडणं

मग आणखी एक प्रकार सुरू झाला, आणि तो मला बराच काळ कळला नाही.

पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान एक छोटं स्वप्न. गोष्ट नाही, माणसं नाहीत, खोली नाही. काळं पाणी, त्या खाली, तोंड बंद, वर जाता येत नाही. दचकून उठणं, मोठा श्वास, घसा कोरडा. आठवड्यातून दोन-तीनदा. मी ते आधीच्या धाग्यात ओवून टाकलं: पुरानंतर बुडणं, शोक खोल चालला आहे, आता तळाशी काहीतरी आहे. आम्ही त्या तळाशी जायचा प्रयत्न केला. तीन भेटी गेल्या. काही हाती लागलं नाही. ताई कंटाळल्या. “हे दुसऱ्याच कुणाचं स्वप्न असल्यासारखं आहे,” त्या एकदा म्हणाल्या. पुराबद्दल त्या तासभर बोलू शकत होत्या, बुडण्याबद्दल दोन वाक्यांत संपत होतं.

स्वप्न बदलत नव्हतं, त्यामुळे माझ्याच ठोकताळ्याप्रमाणे आता शेवट बदलण्याचा सराव लागू होता. ताईंनी बदल निवडला: पाण्याखाली श्वास घेता येतो, आणि तिथे निळा उजेड आहे. तीन आठवडे त्यांनी रोज पंधरा मिनिटं प्रामाणिकपणे केलं. स्वप्न तसंच. पाणी काळं, तोंड बंद.

एका दुपारी मी वहीतल्या बुडण्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि शेवटचा रकाना सलग वाचला. घसा कोरडा, डोकं जड. घसा कोरडा, डोकं जड, धडधड. लघवीला उठले, घसा कोरडा. पुराच्या रात्रींच्या पुढे हा रकाना बहुतेक रिकामा होता, किंवा ‘उशी ओली’ असं. दोन्ही स्वप्नांत पाणी होतं, पण एक स्वप्न भावना मागे ठेवून जात होतं आणि दुसरं फक्त शरीर.

त्यात आणखी एक विसंगती होती. दिवसा ताई सुधारत होत्या. रडत होत्या, रागावत होत्या, पुस्तकं वाचून होत होती. स्वप्न जर मनाचा आरसा, तर मन मोकळं होत असताना बुडणं वाढायचं कारण काय?

उत्तर लेकीने दिलं. ती चार दिवस राहायला आली होती आणि आईच्याच खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आई, तू घोरतेस, आणि मग एकदम घोरणं थांबतं. मी मोजलं, वीस सेकंद काहीच नाही, मग तू जोरात श्वास घेतेस. मी घाबरून हलवलं तुला.” एकट्या झोपणाऱ्या माणसाचं घोरणं कोण ऐकणार?

मी त्यांना झोपेच्या तपासणीसाठी पाठवलं. रात्रभराच्या तपासणीत तासाला सरासरी बावीस वेळा श्वास अडत किंवा मंदावत होता. पंधरा ते तीस ही मध्यम तीव्रता समजतात. आणि स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात त्या अवस्थेत, हा आकडा चाळीसच्या पुढे गेला होता. हे अपेक्षितच असतं. त्या अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, घशाचेही, आणि वाट अरुंद होते. ही अवस्था रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते, म्हणून तीन ते पाच. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा हा आजार वाढतो. आणि तो पुष्कळदा नजरेतून सुटतो, कारण त्या ‘घोरते’ अशी तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, झोप नीट नाही, लक्ष लागत नाही, असं सांगत येतात, अगदी पहिल्या दिवशी ताई आल्या तसं. प्रश्नावलीतले ते गुण आठवा.

झोपेतल्या शरीराला जे लागतं ते स्वप्नात शिरतं, हे जुनं निरीक्षण आहे. 1958 मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी स्वप्नावस्थेत झोपलेल्यांच्या अंगावर थंड पाण्याचा फवारा मारला आणि त्यांना उठवून स्वप्न विचारलं. तेहतीसपैकी चौदा वेळा स्वप्नात पाणी आलं होतं. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा अंगावर पाणी पडूनही स्वप्नाने दाद दिली नाही, हेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं. झोपेत श्वास अडणाऱ्या प्रत्येकाला बुडण्याची स्वप्नं पडत नाहीत, आणि बुडण्याचं स्वप्न पडणाऱ्या प्रत्येकाचा श्वास अडत नाही. आपल्या जुन्या वैद्यकालाही ही दुहेरी वाट माहीत होती. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं यांच्या जोडीला एक प्रकार दोषज, म्हणजे शरीरातल्या बिघाडातून उठणारा. आणि सुश्रुताने तळी-सरोवरांची स्वप्नं कफप्रकृतीच्या माणसाच्या नावावर लिहून ठेवली आहेत. तो अर्थ आज कुणी तसाच घेणार नाही, पण स्वप्नातल्या पाण्याकडे बघून आधी शरीराबद्दल विचारायचं ही शिस्त त्यात आहे, आणि ती माझ्यात कमी पडली.

काय झालं

ताईंना रात्री नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र मिळालं. पहिले चार-पाच दिवस त्यांनी त्याला शिव्या घातल्या, मुखवट्याने गालावर वळ उठायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहीत बुडण्याची नोंद नव्हती, आणि पुढच्या चार महिन्यांत एकदाच आली: त्या रात्री सर्दीमुळे मुखवटा काढून झोपल्या होत्या.

पूर मात्र थांबला नाही. यंत्र लागल्यावरही तो त्याच्या चालीने येत राहिला आणि त्याच्याच चालीने ओसरला. दोन स्वप्नांचे उगम वेगळे होते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला मिळाला नसता. थकवा बराच गेला, नैराश्याचे गुण चारवर आले, पण त्यातलं किती श्रेय यंत्राचं आणि किती रडण्याचं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. भावाशी संबंध पूर्वीइतकेच आहेत, म्हणजे फोनवर. ताई आता ‘बघू’ म्हणत नाहीत, ‘नाही’ म्हणतात.

शेवटच्या भेटीच्या आठवड्यात त्यांना पडलेलं स्वप्न असं: घरात घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, आणि त्या एक चप्पल शोधताहेत. मी सवयीने वही पुढे ओढली. त्या म्हणाल्या, “त्यात काही नाही हो. चप्पल हवी होती.” मी वही मिटली.

आज वेगळं काय करेन

तळ्याच्या वेळी मी ‘तुम्हाला काय वाटतं’ ऐवजी पाण्याबद्दल विचारेन. पाणी हलतं का? हात घातला तर गार लागतं का? त्यात तुम्ही दिसता का? ताईंना हे मी नंतर विचारलं, पाच महिन्यांनी. त्या म्हणाल्या, “नाही, मी त्यात कधीच दिसले नाही. ते मला तेव्हाही खटकलं होतं, पण तुम्ही खूश दिसलात.” हे वाक्य मी विसरणार नाही. स्वप्न सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याप्रमाणे स्वप्न कातरतो, आणि मी त्यांना कात्री हातात दिली होती.

भेटी कमी करण्याचा निर्णय एका स्वप्नाच्या आधारावर घेणार नाही. दिवसा काही बदललं आहे का, हे आधी. त्यांच्या दिवसांत तेव्हा काहीही बदललेलं नव्हतं.

पुराच्या वेळी घेतलेला निर्णय मी आजही तसाच घेईन, एका अटीसह. ‘हे बिघडणं नसून सुटणं असू शकतं’ असं मी ताईंना तिसऱ्या भेटीत सांगितलं. ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. दोन आठवडे त्या झोपायला घाबरत होत्या, आणि ती भीती टाळता आली असती. अर्थात, तेव्हा मला स्वतःला तेवढी खात्री नव्हती.

बुडण्याच्या बाबतीत मात्र सबब नाही. वहीचा शेवटचा रकाना मीच आखला होता आणि मीच वाचला नाही, कारण माझ्याकडे एक सुंदर गोष्ट तयार होती: तळं, पूर, बुडणं, मग काठ. गोष्ट इतकी जुळत होती की त्यात घसा कोरडा पडण्याला जागाच नव्हती. सहा-सात आठवडे एका बाईचा श्वास रात्री तासाला बावीस वेळा अडत होता आणि आम्ही तिच्या बालपणाबद्दल बोलत होतो.

आता पहिल्या भेटीच्या अर्जात मी तीन ओळी वाढवल्या आहेत. सकाळी डोकं जड असतं का? रात्री घसा कोरडा पडून जाग येते का? आणि गेल्या वर्षभरात तुम्हाला झोपलेलं कुणी पाहिलं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर मी एक रात्र फोनवर आवाज नोंदवून आणायला सांगते.